चाळीस मिनिटांचा आवाज, साडेएकोणचाळीस मिनिटांचे चित्र

प्रश्न : मी दहावीच्या भूमितीचे तास फोनवर रेकॉर्ड करतो आणि घरी एडिट करतो. परवाचा तास ४० मिनिटांचा होता. फोनवर लावला तर ओठ आणि आवाज नीट जुळतात. तीच फाइल एडिटरमध्ये घेतली की अर्ध्या तासानंतर आवाज पार मागे पडलेला असतो, आणि शेवटी चित्र संपून आवाज २६-२७ सेकंद उरतो. आवाज तेवढा आकसून बसवला, तर आधीचा चांगला भागही बिघडला. मध्ये दोनेक मिनिटे लाइट गेली होती, पण रेकॉर्डिंग बंद पडले नव्हते. कुणीतरी म्हणाले, फाइल व्हीएफआर आहे, सीएफआर कर. म्हणजे नक्की काय करू? आणि पुढच्या वेळी कोणते ठेवू?

उत्तर :

थोडक्यात सांगायचे तर रेकॉर्ड करताना सीएफआर मिळत असेल तर तेच घ्या. हाती व्हीएफआर फाइल आली असेल तर ती टाइमलाइनवर टाकण्याआधी सीएफआर करून घ्या. पण ते कसे करता यावर सगळे अवलंबून आहे. चुकीच्या रीतीने केले तर हाच बिघाड फाइलमध्ये कायमचा बसतो. म्हणून आधी काय झाले ते बघू.

लाइट गेल्याचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण गोम तिथेच आहे. सेकंदाला ३० फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमवर जास्तीत जास्त १/३० सेकंद प्रकाश पडू शकतो. खोलीत अंधार झाला की फोनचा कॅमेरा ही वेळ वाढवायला बघतो, आणि त्यासाठी फ्रेम्सचा वेगच कमी करतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये याला `Auto FPS` म्हणतात. कमी उजेडात तो ३० वरून २४ वर येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही हे गुपचूप होते, काही तर याहूनही खाली जातात. लाइट आली की पुन्हा ३०. अशी फाइल म्हणजे व्हीएफआर, बदलत्या फ्रेम रेटची. सीएफआरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन फ्रेम्समधले अंतर एकच असते.

आवाजाला मात्र अंधार-उजेडाशी काही देणेघेणे नाही. माइकवरून सेकंदाला बहुधा ४८,००० नमुने येत राहतात, लाइट असो वा नसो. त्यामुळे तुमच्या फाइलमधला आवाज पूर्ण ४० मिनिटांचा आहे. चित्रही खरे तर ४० मिनिटांचेच आहे, कारण एमपी४ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची ती वेळ वेगळी नोंदलेली असते. तिलाच टाइमस्टॅम्प म्हणतात. फोनचा प्लेअर ती नोंद वाचून फ्रेम दाखवतो, म्हणून तिथे सगळे जुळते. म्हणजे फाइल खराब झाली आहे, हे आधी मनातून काढा.

घोळ एडिटरमध्ये होतो. टाइमलाइनला एकच ठरलेला वेग असतो. व्हीएफआर नीट न हाताळणारा एडिटर नोंदलेल्या वेळा बाजूला ठेवतो आणि फ्रेम्स एकामागे एक मांडत जातो. प्रत्येकीला सारखाच १/३० सेकंद. दर अर्ध्या तासाला एक एसटी सुटते म्हणून कुणी घड्याळ न बघता सुटलेल्या गाड्या मोजूनच वेळ सांगायला लागला, तर दोन गाड्या रद्द झालेल्या दिवशी तो तासभर मागेच राहणार. एडिटर नेमके हेच करतो.

आता आकडे मांडू. तुमचे २६-२७ सेकंद आणि दोनेक मिनिटांचा अंधार यांचा मेळ कसा लागतो ते त्यात दिसेल. लाइट विसाव्या मिनिटाला गेली आणि २ मिनिटे १३ सेकंदांनी आली असे धरू. ४० मिनिटे म्हणजे २,४०० सेकंद. ३० च्या वेगाने ७२,००० फ्रेम्स व्हायला हव्या होत्या. अंधारातल्या १३३ सेकंदांत सेकंदाला ६ फ्रेम्स कमी पडल्या, म्हणजे साधारण ८००. फाइलमध्ये राहिल्या ७१,२००. एडिटर त्यांना ३० ने भागतो आणि चित्राची लांबी काढतो २,३७३.३ सेकंद, म्हणजे ३९ मिनिटे ३३ सेकंद. आवाज ४० मिनिटांचाच. उरलेला फरक २६.७ सेकंद.

इथे बघण्यासारखी गोष्ट अशी, की हा फरक संपूर्ण तासभर थोडाथोडा साचलेला नाही. पहिली २० मिनिटे फरक शून्य आहे. पुढच्या सव्वादोन मिनिटांत तो शून्यापासून २६.७ सेकंदांवर जातो आणि मग शेवटपर्यंत तेवढाच राहतो. आता तुम्ही आवाज २६.७ सेकंदांनी सगळीकडे सारखा आकसलात. शेवट जुळला, पण विसाव्या मिनिटाला, जिथे काहीच बिघडलेले नव्हते, तिथे आवाज १३ सेकंद पुढे गेला. आवाज ताणून वा आकसून व्हीएफआरचा बिघाड बसत नाही, तो यासाठी. आवाजात मुळात दोष नाहीच.

काही एडिटर दुसरी चूक करतात, आणि ती पकडायला जास्त अवघड आहे. ते ३० न धरता सरासरी धरतात. ७१,२०० भागिले २,४०० म्हणजे २९.६६७. या वेगाने मांडले तर चित्र आणि आवाज दोन्ही बरोबर ४० मिनिटांचे होतात, सुरुवात जुळते, शेवटही जुळतो, आणि माणूस निश्चिंत होतो. पण याच उदाहरणात विसाव्या मिनिटाचे चित्र साडेतेरा सेकंद उशिरा येते, तर लाइट आल्यावरचे चित्र १२ सेकंद लवकर. आधी आवाज पुढे, मग आवाज मागे, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत पुन्हा जुळून आलेले. म्हणून तपासताना फक्त दोन टोके बघू नका, मधली जागाही बघा.

फाइल तपासायची कशी

व्हिडिओ रूपांतराच्या एफएफएमपेग या प्रोग्रामसोबत येणारी ही आज्ञा चालवा :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,nb_frames,duration -of default=nw=1 taas.mp4
```

वरच्या उदाहरणात साधारण असे दिसेल :

```
r_frame_rate=30/1
avg_frame_rate=89/3
duration=2400.000000
nb_frames=71200
```

८९ भागिले ३ म्हणजे तीच २९.६६७ ची सरासरी. यातल्या `r_frame_rate` वर फार विसंबू नका. तो प्रोग्रामचा अंदाज असतो आणि व्हीएफआर फाइलमध्ये कधीकधी भलताच आकडा देतो. खरे बघायचे ते `nb_frames` आणि `duration`. फ्रेम्स भागिले सेकंद करा आणि तुमच्या ठरलेल्या वेगाशी ताडून बघा.

आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये फाइल उघडा. `Frame rate mode` समोर `Variable` दिसेल आणि खाली किमान-कमाल वेग असतील. पण नुसता `Variable` शब्द बघून घाबरू नका. फोनच्या जवळपास प्रत्येक फाइलवर तो दिसतो, कारण फ्रेम्समधले अंतर केसभर इकडेतिकडे होतच असते. किमान २९.९ आणि कमाल ३०.१ असेल आणि एकूण फ्रेम्स हिशेबाला बरोबर उतरत असतील, तर एडिटरमध्ये काही जाणवणार नाही. किमान १५ किंवा २४ दिसले तर मात्र थांबा.

किती फरक खपतो, याचाही एक मापदंड आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणाविषयीच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की माणसाला जाणवू लागते. ३० च्या वेगात एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दोन फ्रेम्स लवकर आला तरी खटकतो, उशिरा आला तर चारेक फ्रेम्सपर्यंत लक्षात येत नाही. साहजिकच आहे, लांबचा आवाज उशिरा पोचण्याची कानाला सवय असते.

आवाज सरकला की प्रत्येक वेळी व्हीएफआरच दोषी असतो असेही नाही, म्हणून फरकाची चाल बघा. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फरक तेवढाच असेल, तर तो नुसता विलंब आहे. ब्लूटूथ माइक असला की हमखास होतो. आवाजाचा पट्टा उचलून पुढे-मागे केला की काम झाले. फरक अगदी सरळ रेषेत वाढत असेल, तर २९.९७ आणि ३० ची गल्लत असू शकते. तीत तासाला ३.६ सेकंद जातात, तुमच्या ४० मिनिटांच्या तासाला २.४. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन उपकरणांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत आणि तासाला सेकंदाचा एखादा अंश सरळ रेषेत सरकतो. या सरळ रेषेच्या दुखण्यावर मात्र ताणणे-आकसणे हाच खरा उपाय आहे, आणि तिथे सीएफआर करून काही मिळत नाही. फरक कुठे वाढतो, कुठे थांबतो, मध्येच उडी मारतो, असे असेल तेव्हा व्हीएफआर समजा.

तुमची फाइल दुरुस्त करायची कशी

मूळ फाइल जपून ठेवा आणि तिची नवी प्रत बनवा :

```
ffmpeg -i taas.mp4 -fps_mode cfr -r 30 -af aresample=async=1 -c:v libx264 -crf 16 -g 15 -c:a pcm_s16le -ar 48000 taas_cfr.mov
```

इथे प्रोग्राम प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ वाचतो आणि दर १/३० सेकंदाच्या घरात त्या वेळी जी फ्रेम दिसायला हवी ती ठेवतो. अंधाराच्या पट्ट्यात २४ फ्रेम्सना ३० घरे भरायची असतात, म्हणून दर चार फ्रेम्सनंतर एक घर आधीच्याच फ्रेमने भरले जाते. काम चालू असताना खालच्या ओळीत `dup=` चा आकडा वाढताना दिसेल. आपल्या उदाहरणात तो शेवटी ८०० च्या आसपास जाईल. हा आकडा बघून चूक झाली असे वाटून घेऊ नका. त्या हरवलेल्या ८०० फ्रेम्सच भरून निघत आहेत. हालचाल तेवढ्यापुरती किंचित अडखळेल, पण इन्व्हर्टरच्या दिव्यात फळ्यावर वर्तुळ काढताना ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

`aresample=async=1` हा भाग आवाजासाठी आहे. काही रेकॉर्डर, विशेषतः ऑनलाइन बैठकांचे, आवाजातही मध्ये मोकळ्या जागा सोडतात. फाइलमध्ये वेळ पुढे गेलेली असते पण नमुने नसतात. एडिटर अशा जागा गिळून टाकतो आणि आवाज उलट पुढे सरकतो. ही सूचना तिथे शांतता भरते. `-g 15` मुळे दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण फ्रेम येते आणि टाइमलाइनवर पुढे-मागे सरकताना लॅपटॉप अडखळत नाही. फाइल मोठी होईल, पण काम झाल्यावर ती पुसायचीच आहे. एफएफएमपेग ५.१ च्या आधीचे असेल तर `-fps_mode cfr` ऐवजी `-vsync cfr` लिहा.

आता सुरुवातीला म्हटलेली ती चुकीची रीत. `-r 30` ची जागा बघा. ती `-i taas.mp4` च्या नंतर आहे. तीच आधी लिहिली तर अर्थ पूर्ण बदलतो. आधी लिहिले की एफएफएमपेगला सांगितल्यासारखे होते, की फाइलमधल्या वेळा विसर आणि प्रत्येक फ्रेम १/३० सेकंदाची धर. म्हणजे एडिटर जी चूक करत होता ती तुम्ही स्वतःच्या हाताने फाइलमध्ये कोरता. बाहेर येणारी फाइल सीएफआर असते, मीडियाइन्फो `Constant` दाखवते, आणि चित्र ३९ मिनिटे ३३ सेकंदांचेच राहते. "सीएफआर केले तरी आवाज सरकतोच" अशी तक्रार घेऊन कुणी आले की मी सगळ्यात आधी त्यांची आज्ञा बघायला मागतो.

नुसते एमकेव्हीचे एमपी४ केल्यानेही काही होत नाही. `-c copy` ने फक्त डबा बदलतो, आतल्या वेळा तशाच राहतात.

आज्ञांऐवजी रूपांतरासाठी हँडब्रेक हा प्रोग्राम वापरत असाल तर `Video` टॅबमध्ये `Framerate (FPS)` समोर `30` निवडा आणि खाली `Constant Framerate` वर टिंब आणा. तिथले नेहमीचे तयार प्रीसेट `Peak Framerate` वर असतात, म्हणजे ३० पर्यंत चालेल, कमीही चालेल. थोडक्यात, व्हीएफआरच. प्रीसेट निवडले आणि तसेच पुढे गेले, की अर्धा तास यंत्र तापवून हाती पुन्हा तेच येते. `Same as source` सुद्धा टाळा, कारण स्रोताचा वेग कोणता हाच तर वाद आहे. शॉटकटसारखे काही एडिटर अशी फाइल उघडताच `Convert to Edit-friendly` असे विचारतात. तिथे घाईत नाही म्हणू नका.

नवी प्रत झाली की वरचीच `ffprobe` आज्ञा तिच्यावर चालवा. `nb_frames` ७२,००० च्या आसपास आणि दोन्ही वेग `30/1` दिसायला हवेत. मग टाइमलाइनवर तीन जागी ओठ बघा : पहिले मिनिट, लाइट आल्यानंतर लगेच, आणि शेवट. खडू फळ्यावर आपटण्याचा आवाज ओठांपेक्षा चांगली खूण देतो.

पुढच्या वेळी

फोनच्या मूळ कॅमेऱ्यात वेग आपोआप कमी करण्याची सेटिंग असेल तर बंद करा. नसेल तर फ्रेम रेट आणि शटर दोन्ही पक्के करू देणारे ॲप घ्या; ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट आहे आणि आयफोन, अँड्रॉइड दोन्हींवर मिळते. शटर १/५० ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि ट्यूबलाइटखाली दुसऱ्या बऱ्याच आकड्यांवर चित्रात पट्टे लहरू लागतात. मग लाइट गेली तर चित्र काळोखे आणि दाणेदार होईल, पण वेग बदलणार नाही. एका गोष्टीला मात्र ॲप काही करू शकत नाही : एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीशी ठेवलेला फोन तापला की तो फ्रेम्स सोडू शकतो. फोन सावलीत ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू असताना चार्जिंगला लावू नका.

स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल तर हा प्रश्न आणखी टोकाला जातो. फोनचे आणि काही संगणकी स्क्रीन रेकॉर्डर पडद्यावर काही बदलले तरच नवी फ्रेम लिहितात. प्रमेयाची आकृती दाखवून तुम्ही दोन मिनिटे बोलत राहिलात, तर त्या दोन मिनिटांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच फ्रेम्स असू शकतात. जागेची बचत म्हणून ते शहाणपणाचे आहे, आणि फाइल फक्त बघायची असेल तर अशा व्हीएफआरला माझी काहीच हरकत नाही. एडिट करायची असेल तर लॅपटॉपवर ओबीएस वापरा. ते सीएफआरच लिहिते. `Settings` मधल्या `Video` मध्ये ३० आणि `Audio` मध्ये `48 kHz` ठेवा. लॅपटॉप दमला की ओबीएस तीच फ्रेम पुन्हा लिहिते. चित्र अडखळते पण वेळ चुकत नाही. `Stats` मध्ये `Skipped frames due to encoding lag` चा आकडा वाढताना दिसला तर यंत्रावरचा भार कमी करा. चित्र सुधारेल. आवाज जागेवरच असतो.

तुम्ही परवाच्या तासात आधीच काटछाट केली असेल, तर एडिटरमध्ये जुन्या फाइलच्या जागी नवी जोडता येईल. पहिल्या २० मिनिटांतले कट जसेच्या तसे बसतील. त्यानंतरचे कट चित्र बघून केले असतील तर लाइट आल्यानंतरच्या भागात २६.७ सेकंदांनी आधी पडतील. ते सगळे एकत्र निवडून तेवढे पुढे ढकला. आवाज ऐकून केलेले असतील तर ते हलवू नका. आणि आकसलेला आवाज पुन्हा १०० टक्क्यांवर न्यायला विसरू नका, नाहीतर दुरुस्त फाइलही चुकलेलीच वाटेल. मधल्या सव्वादोन मिनिटांतले कट मात्र एकेक करून हातानेच बसवावे लागतील, कारण तिथे फरक प्रत्येक सेकंदाला वेगळा आहे.